‘तुळशीचं तेल’ म्हणजे नेमकं कोणतं? बाटली फोडण्याआधी करायची तपासणी

घरी साबण, बाम, केसांचं तेल करून विकायला सुरुवात केलेल्यांच्या हातात पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एक बाटली हमखास येते. तिच्यावर ‘बेसिल ऑईल’ लिहिलेलं असतं, नाहीतर ‘तुळस तेल’. सांगलीतल्या दुकानातून घेतली काय आणि ऑनलाइन मागवली काय, नाव तेच. आतला द्रव मात्र किमान चार प्रकारचा असू शकतो. त्यातला एक बाममध्ये एक टक्का घातला तर काही बिघडत नाही, दुसरा तेवढाच घातला तर मर्यादेच्या सहापट जातो. रेसिपीत फक्त ‘बेसिल ऑईल, १ टक्का’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून घोटाळा होतो.

कोणती बाटली कोणत्या प्रकारची हे ओळखायचं कसं आणि त्यावरून ग्रॅम कसे काढायचे, एवढंच इथे सांगतो. लव्हेंडर, रोझमेरी, ओवा यांच्या तेलांनाही हेच लागू आहे, पण तुळशीच्या घराण्यात हा प्रकार जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही. म्हणून एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ.

पहिलं काम: झाड कोणतं ते ठरवा

आपण घरात ‘तुळस’ म्हणतो ती अंगणातली, वृंदावनातली. तिचं शास्त्रीय नाव ऑसिमम टेन्यूफ्लोरम. जुनं नाव ऑसिमम सँक्टम. आयुर्वेदिक मालाच्या लेबलवर अजूनही बहुतेक वेळा हेच दिसतं. दोन्ही नावं एकाच झाडाची आहेत, त्यामुळे लेबलवर एक आणि रिपोर्टमध्ये दुसरं दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

इंग्रजीत ‘बेसिल’ म्हणतात ते मात्र वेगळं झाड. ते आपल्याकडे सब्जा म्हणून माहीत आहे. फालुद्यात घालतो ते बी त्याचंच. त्याचं नाव ऑसिमम बॅसिलिकम. तिसरं एक ऑसिमम ग्रॅटिसिमम, उंच वाढणारं, मोठ्या पानांचं. याला काही ठिकाणी रामतुळस म्हणतात, काही ठिकाणी रानतुळस. अडचण अशी की अंगणातल्या हिरव्या तुळशीलाही कित्येक घरांत रामतुळसच म्हणतात. म्हणजे दुकानदाराने ‘रामतुळशीचं तेल’ असं सांगितलं तर त्यातून काहीच कळत नाही. तो खोटं बोलत नसेलही, पण माहिती शून्य मिळते.

फोनवर किंवा वेबसाइटवर शोधताना, आणि दुकानदाराने पाठवलेली पीडीएफ वाचताना, ही चार नावं अशी दिसतील:

```
Ocimum basilicum
Ocimum tenuiflorum
Ocimum sanctum
Ocimum gratissimum
```

बाटलीवर किंवा कागदावर यातलं एकही नाव नसेल तर तपासणी तिथेच संपली. ती बाटली त्वचेवर लावायच्या कुठल्याही वस्तूत घालू नका. मेणबत्तीसाठीसुद्धा मी घेणार नाही, कारण ज्याला झाडाचं नाव लिहिता येत नाही त्याने भेसळ तपासली असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरं काम: त्याच झाडातला प्रकार कोणता

इथे नवखे लोक अडतात. शास्त्रीय नाव जुळलं म्हणजे काम झालं असं वाटतं. पण एकाच ऑसिमम बॅसिलिकमची दोन झाडं शेजारी शेजारी लावली, तेच पाणी, तेच खत दिलं, तरी त्यांच्या पानातलं तेल पार वेगळं निघू शकतं. याला केमोटाइप म्हणतात. सांगलीच्या हळद बाजारात वावरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: राजापुरी आणि सेलम दोन्ही हळदच, एकाच जातीच्या, पण कर्क्युमिनचं प्रमाण सारखं नसतं आणि घेणारा तेच विचारतो.

सब्जाच्या तेलाचे मुख्य दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. एकात लिनालूल जास्त असतं. इजिप्त आणि युरोपकडून येणारं ‘स्वीट बेसिल’ बहुतेक या प्रकारचं. दुसऱ्यात एस्ट्रॅगोल जास्त असतं, बऱ्याचदा सत्तर टक्क्यांच्या पुढे. कोमोरोस बेटं, व्हिएतनाम आणि आपल्याकडच्या लागवडीतलं पुष्कळसं तेल या दुसऱ्या प्रकारात मोडतं. एस्ट्रॅगोललाच मिथाइल चॅविकॉल म्हणतात. आपल्याकडचे शेतकरी, डिस्टिलेशनवाले आणि व्यापारी हेच नाव वापरतात, तर परदेशी कागदांवर एस्ट्रॅगोल दिसतं. रेसिपी परदेशी आणि तेल इथलं, असं झालं की लिनालूलवाल्या तेलासाठी लिहिलेलं प्रमाण एस्ट्रॅगोलवाल्या तेलाला लावलं जातं. बहुतेक वेळा चूक होते ती अशी.

अंगणातल्या तुळशीतही असेच प्रकार आहेत. एकात युजेनॉल जास्त, म्हणजे लवंगेचा मुख्य घटक. दुसऱ्यात मिथाइल युजेनॉल जास्त. नावात फरक फक्त ‘मिथाइल’ एवढाच, आणि रिपोर्ट वाचताना घाईत तोच सुटतो.

तर हा ‘मिथाइल’ काय करतो? युजेनॉलच्या रेणूवर एक मोकळा हायड्रॉक्सिल गट असतो. शरीर त्याला धरून रेणूला पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बदलतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. झाडातल्या एका एन्झाइमने त्या मोकळ्या जागेवर मिथाइल गट चिकटवला की ही सोपी वाट बंद होते. मग यकृत रेणूच्या दुसऱ्या टोकाच्या साखळीवर काम करतं, आणि त्यातून तयार होणारा पदार्थ डीएनएला चिकटू शकतो. एस्ट्रॅगोलचंही असंच. मोठ्या मात्रेत दिल्यावर उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या त्या या मार्गाने. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिथाइल युजेनॉलला ‘माणसात कर्करोग होण्याची दाट शक्यता’ या गटात, म्हणजे २ए मध्ये टाकलं.

याचा अर्थ देवापुढच्या तुळशीची दोन पानं खाऊ नयेत असा नाही. शंभर किलो ताज्या पाल्यातून फार तर अर्धा किलोच्या आसपास तेल निघतं, बऱ्याचदा त्याहून कमी. दोन पानांत तेल किती असेल हे त्यावरून काढा. बाटलीतलं तेल म्हणजे पोतंभर पाल्याचा सगळा अर्क आहे. म्हणूनच ते थेंब थेंब पाण्यात टाकून पिण्याचा उद्योग कुणीही करू नये, मग ते कुठल्याही प्रकारचं असो.

तिसरं काम: रिपोर्ट मागा, आणि योग्य तो मागा

दुकानदाराशी बोलणं साधारण असं होतं.

“दादा, या बेसिल ऑईलचा केमोटाइप कुठला?”

“मॅडम, माल एक नंबर आहे. प्युअर. डिस्टिल्ड.”

“प्युअर आहेच हो, पण यात मिथाइल चॅविकॉल किती?”

“सीओए पाठवतो ना तुम्हाला.”

मग व्हॉट्सअॅपवर सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, असं एक पान येतं. त्यावर रंग: फिकट पिवळा. वास: वैशिष्ट्यपूर्ण. विद्राव्यता: अल्कोहोलमध्ये विरघळते. खाली शिक्का. या कागदाचा आपल्या कामासाठी काडीचा उपयोग नाही. आपल्याला हवा असतो तो जीसी किंवा जीसी-एमएसचा रिपोर्ट, ज्यात तेलातले घटक एकेक करून टक्क्यांसह लिहिलेले असतात.

तो आला की आधी बॅच नंबर बघा. रिपोर्टवरचा आणि बाटलीवरचा नंबर एकच हवा. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचा रिपोर्ट सगळ्या गिऱ्हाइकांना फॉरवर्ड करणारे भरपूर आहेत. दुसरी खूण म्हणजे आकडे. ‘लिनालूल ४५ ते ६० टक्के’ असं लिहिलं असेल तर तो तुमच्या बाटलीचा रिपोर्ट नाही, ते त्या मालाचं साधारण वर्णन आहे. यंत्रातून निघालेला आकडा ५२.३ असा एकच असतो.

चौथं काम: रिपोर्टमधल्या पाच ओळी शोधा

पानभर नावं बघून गोंधळायला होतं. चाळीस-पन्नास घटक असतात आणि तेलाचं नाव तेच असलं तरी रसायनाला तीन-तीन नावं असतात. एस्ट्रॅगोल कुठे मिथाइल चॅविकॉल म्हणून येईल, कुठे अॅलिलअॅनिसोल म्हणून, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आलेल्या रिपोर्टमध्ये ‘बेन्झीन’ने सुरू होणारं लांबलचक नाव असेल. म्हणून नाव शोधण्यापेक्षा नोंदणी क्रमांक शोधा. प्रत्येक रसायनाला एक सीएएस नंबर असतो आणि तो बदलत नाही. पीडीएफमध्ये हे पाच टाकून बघा:

```
Linalool         78-70-6
Estragole        140-67-0
Eugenol          97-53-0
Methyl eugenol   93-15-2
trans-Anethole   4180-23-8
```

एक सूचना. अख्ख्या बेसिल तेलालाही सीएएस नंबर आहे, पण त्यावरून केमोटाइप कळत नाही. लिनालूलवालं असो वा एस्ट्रॅगोलवालं, दोन्हींच्या कागदांवर तोच नंबर सापडतो. तेव्हा ‘सीएएस जुळतो आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

पाचवं नाव, अॅनेथॉल, यादीत का घेतलं? बडीशेपेचा मुख्य घटक तो. त्याचं आणि एस्ट्रॅगोलचं रासायनिक सूत्र एकच आहे, C₁₀H₁₂O. रेणूचं वजनही एकच, १४८. यंत्रासोबतची संगणकातली लायब्ररी फक्त वस्तुमानाच्या आकृतीवरून नाव सुचवते, आणि या दोघांच्या आकृत्या इतक्या मिळत्याजुळत्या असतात की कधी कधी एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव छापलं जातं. चांगला विश्लेषक घटक यंत्रातून बाहेर पडायची वेळही बघतो, त्यावरून काढलेल्या आकड्याला रिटेन्शन इंडेक्स म्हणतात. एस्ट्रॅगोल लवकर येतं, अॅनेथॉल बरंच उशिरा. बेसिलच्या रिपोर्टमध्ये सत्तर टक्के अॅनेथॉल दिसलं तर दोनच शक्यता: बाटलीत बडीशेप किंवा बाद्यानाचं तेल आहे, नाहीतर नाव छापताना चूक झाली आहे. दोन्ही वेळी प्रयोगशाळेला फोन लावा आणि ‘रिटेन्शन इंडेक्स तपासलात का’ एवढंच विचारा.

पाचवं काम: नाक आणि काटा

रिपोर्ट मिळाला तरी बाटलीत तेच तेल आहे का हे घरच्या घरी थोडंफार पडताळता येतं. पूर्ण खात्री होत नाही, पण मोठी अदलाबदल झाली असेल तर ती लपत नाही.

वासाने सुरुवात करा. बाटलीला नाक लावू नका. कोऱ्या कागदाची बारीक पट्टी कापून तिच्या टोकाला एक थेंब घ्या, अर्धा मिनिट थांबा आणि मग हुंगा. एस्ट्रॅगोलवालं तेल बडीशेपेकडे झुकतं, गोडसर, थोडं जड. लिनालूलवालं हलकं असतं, फुलांसारखं, धण्याच्या जवळ जाणारं. युजेनॉलवाली तुळस म्हटली की सरळ दातदुखीवरच्या लवंग तेलाची आठवण होते. पहिल्यांदा हे सगळं सारखंच वाटेल. त्यासाठी शेजारी तीन वाट्या ठेवा: एकीत कुटलेली बडीशेप, दुसरीत धणे, तिसरीत लवंग. पट्टी आणि वाटी आळीपाळीने हुंगली की नाक पटकन लागतं. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त पट्ट्या घेऊ नका, नाक बधिर होतं आणि मग मनात असेल तोच वास येतो.

आता काटा. एस्ट्रॅगोलची घनता ०.९६५ च्या आसपास, लिनालूलची ०.८६५ च्या. म्हणजे दोन तेलं एकाच मापाने मोजून तोलली तर फरक दिसायला हवा, आणि दिसतो. लागतो तो ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा सराफी काटा आणि ५ मिलीची सिरिंज, शक्यतो काचेची. प्लॅस्टिकच्या सिरिंजचं रबर या तेलांनी फुगतं. विट्याकडे कुणी गलाईवाले पाहुणे असतील तर काट्याची चिंताच नाही, तो त्यांच्याकडून तपासूनही मिळेल.

आधी सिरिंजने ५ मिली पाणी काचेच्या छोट्या वाटीत घालून तोला. तीनदा करा, सरासरी काढा. ४.९८ च्या जवळपास यावं; नाही आलं तरी चालतं, कारण आपण गुणोत्तर काढणार आहोत. मग सिरिंज पूर्ण कोरडी करून त्याच खोलीत, त्याच तापमानाला तेल तसंच तीनदा तोला. तेलाचं वजन भागिले पाण्याचं वजन. लिनालूल प्रकारात उत्तर ०.९० च्या आसपास येतं, एस्ट्रॅगोल प्रकारात ०.९५ किंवा थोडं वर. मे महिन्यात सांगलीत भर दुपारी केलं तर दोन्ही आकडे एखाद्या शतांशाने खाली सरकतील, उकाड्याने तेल फुगतं. म्हणून हे सकाळी लवकर उरकलेलं बरं. तेल वाया जात नाही, पुन्हा बाटलीत ओता.

द्राक्षबागायतदारांच्या घरात ब्रिक्स मीटर असतोच आणि ‘त्यावर बघू का’ असा प्रश्न तासगाव-पलूसकडून नेहमी येतो. कल्पना बरोबर आहे, दोन्ही तेलांचा अपवर्तनांक खरंच वेगळा असतो. पण द्राक्षाचा मीटर ३२ ब्रिक्सला संपतो, म्हणजे साधारण १.३८ च्या अपवर्तनांकाला. लिनालूलवालं तेल १.४७ च्या पुढे आणि एस्ट्रॅगोलवालं १.५१ च्या पुढे. दोन्ही पट्टीच्या बाहेर, काहीच दिसणार नाही.

तोलण्याची मर्यादाही सांगून ठेवतो. काट्याने फक्त ‘रिपोर्टशी जुळत नाही’ एवढं सिद्ध होतं, ‘जुळतं’ हे नाही. जड तेलात हलका द्रव मिसळून कुणीही ०.९० आणू शकतो. युजेनॉलवाल्या तुळशीचा आकडाही एस्ट्रॅगोलवाल्याच्या जवळ येऊ शकतो, कारण युजेनॉल पाण्यापेक्षा जड आणि त्याच्या सोबतचं कॅरिओफायलिन हलकं. तिथे नाकाचंच ऐकायचं. आणि स्वस्तात मिळालेल्या ‘लिनालूल’ प्रकारात बनावट लिनालूल घातलेलं असेल तर ते ना नाकाला कळतं ना काट्याला. त्यासाठी प्रयोगशाळेत प्रकाशाचं वलन मोजावं लागतं: खऱ्या तेलात आकडा स्पष्ट ऋण येतो, बनावट लिनालूल मिसळलं की शून्याकडे सरकतो.

सहावं काम: ग्रॅम काढा

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. समजा तासगावच्या एका बचत गटाला २०० ग्रॅम बाम करायचा आहे: खोबरेल, मधमाशीचं मेण आणि बेसिल ऑईल. हाताशी असलेली रेसिपी म्हणते तेल १ टक्का, म्हणजे २ ग्रॅम. बाम त्वचेवर राहतो, धुतला जात नाही, त्यामुळे मर्यादा कडक धरायची.

सुगंधी तेलांच्या सुरक्षेवर काम करणारे त्वचेवर राहणाऱ्या वस्तूसाठी एस्ट्रॅगोल ०.१२ टक्के, मिथाइल युजेनॉल ०.०२ टक्के आणि युजेनॉल ०.५ टक्के अशा मर्यादा धरतात. या मर्यादा तयार बाममधल्या त्या घटकाच्या आहेत, तेलाच्या नाहीत. हिशेबही सोपा आहे: मर्यादेला तेलातल्या टक्क्याने भागा आणि शंभरने गुणा. बाममध्ये तेल किती टक्के चालेल ते येतं. जेवढे घटक तेवढी उत्तरं येतील. सगळ्यात लहान उत्तर धरायचं.

पहिली बाटली: समजा रिपोर्टमध्ये लिनालूल ५४, एस्ट्रॅगोल १.५, युजेनॉल ८ आणि मिथाइल युजेनॉल ०.३ टक्के आहे. एस्ट्रॅगोलप्रमाणे ०.१२ भागिले १.५, म्हणजे ८ टक्के तेल चालेल. युजेनॉलप्रमाणे सव्वासहा. मिथाइल युजेनॉलप्रमाणे सुमारे ६.७. रेसिपीतला एक टक्का आरामात बसतो. सव्वासहा टक्के चालतात म्हणून तेवढं घालायचं नाही, तेवढ्या तेलाने त्वचा चुरचुरेल. १ टक्काच ठेवा.

दुसरी बाटली: लिनालूल १८, एस्ट्रॅगोल ७६. आता ०.१२ भागिले ७६ गुणिले शंभर, म्हणजे ०.१५८ टक्के. २०० ग्रॅम बाममध्ये ०.३ ग्रॅम. रेसिपीप्रमाणे २ ग्रॅम घातलं असतं तर एस्ट्रॅगोल ०.७६ टक्के झालं असतं, मर्यादेच्या सहापटीहून जास्त. ०.३ ग्रॅम म्हणजे अंदाजे दहा थेंब, पण थेंब मोजू नका. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो, काट्यावर तोला. एवढ्याने वास मंद वाटेल. वास वाढवायला याच तेलाचे आणखी थेंब घालायचा मोह होतो, त्यापेक्षा सरळ लिनालूलवाली बाटली घ्या.

तिसरी बाटली अंगणातल्या तुळशीची, युजेनॉल ६०, मिथाइल युजेनॉल २ टक्के. युजेनॉलप्रमाणे ०.८३ टक्के चालेल, मिथाइल युजेनॉलप्रमाणे १ टक्का. लहान धरायचं: ०.८३, म्हणजे २०० ग्रॅमला १.६ ग्रॅम. इथे चिंता यकृतापेक्षा त्वचेची आहे. युजेनॉलने काहींना पुरळ येतं, ॲलर्जी होते.

चौथी बाटलीही अंगणातल्या तुळशीचीच. शास्त्रीय नाव तेच, लेबल तेच, कदाचित दुकानही तेच. पण मिथाइल युजेनॉल ४० टक्के. ०.०२ भागिले ४० गुणिले शंभर, म्हणजे ०.०५ टक्के. २०० ग्रॅमला ०.१ ग्रॅम. घरगुती काट्यावर हे नीट तोलताही येत नाही. मी अशी बाटली परत पाठवतो.

माल परदेशी पाठवायचा विचार असेल तर गणित आणखी आवळतं. युरोपियन संघात सुगंधी नसलेल्या, त्वचेवर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत मिथाइल युजेनॉल फक्त ०.०००२ टक्के चालतं, सुगंधी क्रीममध्ये ०.००२ टक्के. पहिली ‘चांगली’ बाटलीसुद्धा १ टक्का घातल्यावर ०.००३ टक्के देते, म्हणजे क्रीमच्या मर्यादेतही बसत नाही. आणि इथेच विकायचं तरी सौंदर्यप्रसाधन बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. लेबलवर ‘सर्दीवर गुणकारी’ लिहिलंत की मामला औषधाचा होतो, त्याचे नियम निराळे.

गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या बायका, तसंच लहान मुलं यांच्यासाठी करायच्या वस्तूंत दुसरी आणि चौथी बाटली अजिबात नको, हिशेबात बसत असली तरी. बाळाच्या मालिशच्या तेलात तर यातलं कुठलंच घालायची गरज नाही.

बाटल्या मिसळू नका, आणि चिठ्ठी लावा

एक बाटली संपत आली की उरलेलं नव्या बाटलीत ओतायची सवय आपल्याला असते. या तेलांत ते केलं की दोन्ही रिपोर्ट बाद होतात, कारण आतल्या मिश्रणाचे टक्के आता कुणालाच माहीत नाहीत. बाटलीवर स्वतःची चिठ्ठी लावा: शास्त्रीय नाव, प्रकार, बॅच नंबर, एस्ट्रॅगोल आणि मिथाइल युजेनॉलचे टक्के, आणि ‘२०० ग्रॅमला इतके ग्रॅम’ हा काढलेला आकडा. बाम करताना हात तेलकट असतात, तेव्हा कुणी पीडीएफ उघडून बघत नाही.

लावणाऱ्यांसाठी थोडं

कडेगाव-खानापूर भागात किंवा साताऱ्याकडे माण-खटावला कमी पाण्यातलं पीक म्हणून तुळशीचा विचार करणारे विचारतात, त्यांच्यासाठी एवढं. केमोटाइप हा बियाण्यात असतो. माती, पाणी, कापणीची वेळ यांनी टक्के वर-खाली होतात, पण एस्ट्रॅगोलवाल्या झाडाचं लिनालूलवालं झाड होत नाही. म्हणून वाण नावाने घ्या. लखनौच्या सीमॅप संस्थेने काढलेल्या वाणांत ‘सिम-सौम्या’ हे सब्जाचं वाण मिथाइल चॅविकॉल आणि लिनालूल दोन्ही देणारं आहे, ‘सिम-सुरभी’ लिनालूलवालं, आणि ‘सिम-आयु’ हे अंगणातल्या तुळशीचं युजेनॉलवालं वाण. ‘सिम-स्निग्धा’चं तेल तर या सगळ्यांहून निराळं, त्यात मिथाइल सिनामेट जास्त. सौम्या, सुरभी आणि स्निग्धा या तिन्हींचं शास्त्रीय नाव मात्र एकच, ऑसिमम बॅसिलिकम.

सब्जावर मधमाश्या भरपूर येतात आणि शेजारच्या दुसऱ्या वाणाचे परागकण घेऊन येतात. घरचं बी धरून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पेरलं की शेतात सरमिसळ दिसायला लागते. पान चुरगळून बघा, एका झाडाला बडीशेपेचा वास येईल आणि शेजारच्याला धण्याचा. अशा प्लॉटचं तेल दर कापणीला वेगळं निघतं. तेव्हा घेणाऱ्याशी भाव ठरवण्याआधी पहिल्या डिस्टिलेशनचं १० मिली तेल काळ्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, गाळलेल्या तेलात पाण्याचा थेंब राहिलेला नाही हे बघा, बाटलीवर वाण आणि कापणीची तारीख लिहा आणि जीसी करून घ्या. व्यापाऱ्याने त्याचं सॅम्पल त्याच्या प्रयोगशाळेत तपासून आणलं तर त्याचा कागद आणि तुमचा कागद शेजारी ठेवून याच पाच ओळी जुळतात का बघा.